रौप्यमहोत्सवाच्या भाषणाची पहिली दोन मिनिटं : जुन्या माणसांची नावं कशी घ्यायची?



आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात २००० च्या आसपास सुरू झालेली बरीच दुकानं, वर्कशॉप आणि छोटे कारखाने आता पंचवीस वर्षं पूर्ण करतायत. कुणाचं घोडनदीच्या बाजारपेठेत हार्डवेअर आहे, कुणाचं केडगाव-चौफुल्याला पाइप आणि मोटरचं दुकान, कुणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना छोटे पार्ट पुरवतं. पत्रिका छापून होते, मंडप ठरतो, केटरर ठरतो. मग आदल्या रात्री प्रश्न येतो, "भाषणाला सुरुवात काय करू?"

व्हिडिओत मी संपूर्ण भाषणाबद्दल बोललोय. इथे फक्त सुरुवातीचं अभिवादन घेतो, म्हणजे माईक हातात आल्यापासूनची पहिली दोन मिनिटं. आणि त्यातही एकच गोष्ट : पंधरा-वीस-पंचवीस वर्षं तुमच्याकडे टिकलेल्या माणसांचे आभार या दोन मिनिटांत कसे मानायचे. कारण हे काम बहुतेक जण भाषणाच्या शेवटी ठेवतात. शेवटी जेवणाची घाई असते, पाहुणे उठायला लागलेले असतात, आणि मग "आमचा सर्व कर्मचारी वृंद, ज्यांच्यामुळे हे शक्य झालं..." असं एक वाक्य टाकून विषय संपतो. ज्या माणसानं चोवीस वर्षं तुमचं शटर उघडलं, त्याला त्या वाक्यात स्वतःचं नाव सापडत नाही.

नेहमीचं अभिवादन कुठे अडकतं?

आपल्याकडच्या सभेची एक ठरलेली चाल आहे. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आणि माझ्या बंधू-भगिनींनो." ही चाल चुकीची नाही. पण गावाकडच्या कार्यक्रमात व्यासपीठावर सरपंच असतात, सोसायटीचे चेअरमन असतात, बाजार समितीचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, बँकेचे मॅनेजर, कंपनीचे डीलर-साहेब, आणि पहिल्या रांगेत आणखी दहा जण. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं घ्यावंच लागतं. एखादं राहिलं तर ते वर्षभर ऐकावं लागतं. त्यामुळे मालकाची पहिली तीन-चार मिनिटं नावांच्या यादीत जातात, आणि नेमकं त्याच वेळी लोकांचं लक्ष सगळ्यात जास्त असतं.

यावर उपाय सोपा आहे. मान्यवरांची पूर्ण यादी सूत्रसंचालकाकडे द्या. स्वागत आणि सत्कार करताना ते प्रत्येकाचं नाव आणि पद घेतीलच. मग तुम्हाला एकच वाक्य पुरतं : "व्यासपीठावरील सर्व मान्यवरांची नावं आत्ताच आदरानं घेतली गेली आहेत, त्या सर्वांना माझा नमस्कार." इथे एक पथ्य पाळा. या वाक्यानंतर मान्यवरांपैकी कुणाचंही नाव घेऊ नका. अगदी आमदार साहेब असले तरी नाही. एक नाव घेतलं की बाकीच्यांना वाटतं, आपण गाळले गेलो. सगळी नावं सूत्रसंचालकाकडून किंवा एकही नाही, यात कुणाचा अपमान होत नाही. आमदार साहेब उशिरा आले तरी नाव सूत्रसंचालकच घेतील, तुम्ही वाक्य तोडायचं नाही.

आणि हो, पत्रिकेत आणि भाषणात "मित्रांनो", "बंधूंनो", "भगिनींनो" या शब्दांत शेवटच्या "नो"वर अनुस्वार नाही. हिंदीतल्या "मित्रों"मुळे बऱ्याच फलकांवर "मित्रांनों" छापलेलं दिसतं. मराठीत "नो" कोराच.

कुणाची नावं घ्यायची, कुठे थांबायचं?

सावकाश, लोकांना समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत दोनशे-अडीचशे शब्द. त्यातले पन्नास-साठ सर्वसाधारण नमस्काराला गेले, तर प्रत्येकी पंचवीस-तीस शब्दांत पाच ते सहा माणसं बसतात. त्यापेक्षा जास्त नावं घेतली की यादी होते, आणि यादीत कुणीच लक्षात राहत नाही.

मग पाच निवडायचे कसे? "जवळचे पाच" असं निवडलंत की दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन गट पडले म्हणून समजा. निकष एकच ठेवा, वर्षं. आणि तो निकष भाषणात मोठ्यानं सांगा : "वीस किंवा त्याहून जास्त वर्षं ज्यांनी इथे काम केलं, त्यांना मी आधी नमस्कार करतो." हे वाक्य खूप काम करतं. अठरा वर्षं झालेल्या माणसाला कळतं की आपल्याला वगळलेलं नाही, रेघ कुठे आहे ते सगळ्यांना सांगितलंय. वीसची रेघ ओढल्यावर बारा नावं येत असतील तर रेघ बावीसवर न्या. दोनच येत असतील तर पंधरावर आणा. पण माणसं मोजून रेघ ठरवा, एखाद्याला बसवण्यासाठी किंवा गाळण्यासाठी नको.

क्रमही पदाचा नको. मॅनेजर आधी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी शेवटी, असा क्रम लावला की आभारातही दुकानाची उतरंड दिसते. जो आधी आला तो आधी. हा क्रम कुणालाही वादात घेता येत नाही, कारण तारीख कुणाच्या मर्जीवर नसते.

वर्ष बोलण्याआधी रजिस्टर उघडा

आता हा मुद्दा नीट वाचा, कारण इथे खरे पैसे आणि खरा विश्वास गुंतलेला आहे.

तुम्ही स्टेजवरून म्हणता, "आप्पा २००० सालापासून आमच्याकडे आहेत." चारशे लोक ऐकतात, मोबाईलवर रेकॉर्ड होतं. पण हजेरी आणि पगाराच्या रजिस्टरमध्ये आप्पांचं नाव २०११ पासून असतं, कारण त्याआधी पगार रोखीत जायचा आणि कागद कुणी केला नव्हता. अशा वेळी टाळ्या वाजवणाऱ्या त्याच मंडपात आप्पांच्या मुलाच्या मनात प्रश्न येतो : बाबांची पहिली अकरा वर्षं कुठे आहेत?

हा प्रश्न मानाचा आहेच, पैशाचाही आहे. दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील, तर ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. एकदा लागू झाला की पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी तो सुटत नाही. सलग पाच वर्षं काम केलेल्या माणसाला नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना ही रक्कम द्यावी लागते. हिशेब असा : कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे धरलेला शेवटचा मासिक पगार, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं.

आप्पांचा असा पगार १५,६०० रुपये धरू. १५,६०० × १५ ÷ २६ म्हणजे ९,०००. एका वर्षाचे नऊ हजार. पंचवीस वर्षांचे २,२५,००० रुपये. रजिस्टरमध्ये चौदाच वर्षं दिसत असतील तर १,२६,०००. फरक ९९,००० रुपयांचा. तुम्ही स्टेजवर पंचवीस म्हणालात आणि कागदावर चौदा ठेवलीत, तर त्या कौतुकाची किंमत आप्पांना कळते.

म्हणून क्रम असा ठेवा. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी जुन्या माणसांच्या रुजू झाल्याच्या तारखा त्यांच्यासोबत बसून नक्की करा. जुन्या वह्या, पहिल्या दिवाळीच्या बोनसची नोंद, पहिल्या गाडीची कागदपत्रं, काहीतरी सापडतं. मग तुमच्या सीएंना सांगून नोंद दुरुस्त करून घ्या, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद कशी करायची ते ठरवा. त्यानंतर वर्ष बोला. कागद अजून होत नसेल, तर कागद होईपर्यंत भाषणात वर्ष घालू नका आणि त्या माणसाला आधी खरं कारण सांगा.

आणखी एक छोटी गोष्ट. "पंचविसावं वर्ष लागलं" आणि "पंचवीस वर्षं पूर्ण झाली" यात एका वर्षाचा फरक आहे. २००० च्या दसऱ्याला दुकान उघडलं असेल, तर पंचवीस वर्षं २०२५ च्या दसऱ्याला पूर्ण होतात. २००४ ला आलेल्या माणसाला "पंचवीस वर्षं आमच्यासोबत" म्हटलं तर तो हसेल, पण शेजारचा म्हणेल की मालकाला आकडाच माहीत नाही.

नाव कसं घ्यायचं?

दुकानात आपण एकमेकांना हाक मारतो ती नावं वेगळी. आप्पा, मामा, चाचा, मावशी, भाऊ. ही आपुलकीची नावं आहेत, ती भाषणात यायलाच हवीत. पण आधी पूर्ण नाव, मग हाकेचं नाव. "श्री. अमुक अमुक, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आप्पा." पूर्ण नाव ऐकलं की त्या माणसाच्या घरच्यांची मान वर होते. नुसतं "आप्पा" म्हटलं तर बाहेरच्या पाहुण्यांना कळतही नाही कोण ते. रंगावरून, अंगावरून, व्यंगावरून किंवा जातीवरून पडलेली हाक मात्र, ती कितीही वर्षं चालू असली, माईकवर घ्यायची नाही.

नावाच्या आधी काय लावायचं, हे ज्याचं नाव आहे त्यालाच विचारा. वारकरी घरातले असतील तर त्यांच्या पत्रिकेवर "ह.भ.प." असतं, ते तुम्ही गाळलंत तर त्यांना जाणवतं. बाईमाणसाच्या बाबतीत "सौ." आणि "श्रीमती" हा गोंधळ फार होतो. कागदोपत्री "श्रीमती" कुणालाही चालतं, पण आपल्याकडे बरेच जण ते विधवा बाईसाठी वापरतात. नवरा समोर बसलेला असताना "श्रीमती" म्हटलं तर कुजबुज होते, आणि नवरा वारलेल्या मावशींना "सौ." म्हटलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. एका फोनचं काम आहे, करा.

जे गेले त्यांचं नावही याच दोन मिनिटांत घ्या, सुरुवातीलाच. "कै." सगळ्यांना सरसकट लावू नका. वारकरी घरात "वै.", म्हणजे वैकुंठवासी, लिहितात. मुस्लिम घरात "मरहूम" म्हणतात. खात्री नसेल तर "दिवंगत" हा शब्द सगळीकडे चालतो. आणि त्यांच्या घरच्यांना आमंत्रण गेलंय ना, ते आधी बघा. मंडपात कुणीच नसताना घेतलेलं नाव हवेत जातं.

मग येतं "तू" की "तुम्ही". रोजच्या कामात मालक कित्येकांना अरे-तुरे करतात, त्यात राग नसतो. पण स्टेजवर सगळ्यांना अहो-जाहो. यात फसगत शब्दाला होत नाही, क्रियापदाला होते. वाक्य सुरू होतं "मामा २००३ साली आमच्याकडे आले" असं, आणि पुढच्याच वाक्यात सवयीनं "तेव्हापासून टेम्पो तोच चालवतो" असं निघून जातं. म्हणून भाषण लिहून झालं की फक्त क्रियापदांखाली रेघ मारत जा. आले, करतात, सांभाळलं, त्यांनी. जिथे "आला", "करतो", "त्यानं" दिसेल तिथे दुरुस्त करा.

वाक्याचा कर्ता कोण?

आभाराची वाक्यं लिहिताना एक साधी चाचणी लावा. शाळेतल्या व्याकरणासारखं विचारा, वाक्यात काम कोण करतंय?

"आम्ही मामांना संधी दिली, गाडी शिकवली, त्यांच्या मुलीच्या लग्नाला मदत केली." इथे तिन्ही कामं मालकानं केलीत. नाव मामांचं आहे, पण कौतुक स्वतःचं चाललंय. शिवाय मुलीच्या सासरची माणसं मंडपात असली तर मामांना मान खाली घालावी लागते. पगार, उचल, आजारपण, घरची अडचण, पूर्वीची चूक, यातलं काहीही या दोन मिनिटांत येता कामा नये.

"मामांनी बावीस वर्षं पाइपाचा टेम्पो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेला." इथे काम मामांनी केलं. हे आभार.

"तुम्ही नोकर नाही, घरचेच आहात" हे वाक्यही जपून. ऐकायला गोड आहे, पण घरच्या माणसाला नफ्यात वाटा असतो आणि सुट्टी मागावी लागत नाही, हे समोरच्यांना माहीत असतं. त्याऐवजी त्यांनी केलेलं एक खरं काम सांगा, जे दुकानातल्या इतरांनीही पाहिलंय. तेवढंच पुरतं.

याचं आपल्या मराठी उद्योगातलं मोठं उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारायला घेतली. आज शंभरहून जास्त वर्षांनीही त्या सुरुवातीच्या माणसांची नावं कामासकट सांगितली जातात. शंभूराव जांभेकर यंत्रकामातले जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सुटलेले, पण कल्पक इंजिनिअर झालेले. आणि तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग, ज्यांना पूर्वी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली होती, तेच वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. माणूस लक्षात राहतो तो नाव आणि काम एकत्र सांगितल्यामुळे. "सर्व सहकारी" म्हटलं असतं तर आज एकही नाव उरलं नसतं. दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. इतिहास लिहिणारा त्यांची शिक्षा सांगतो, ते त्याचं काम. पण तुम्ही मालक म्हणून, त्यांच्या बायकामुलांसमोर नाव घेत असाल, तर "वाडीची रात्र यांनी सांभाळली" एवढंच बोलायचं. आधीचं आयुष्य हे त्यांचं स्वतःचं. ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

एक पूर्ण नमुना

समजा, दुकान शिरूरचं आहे. शेतीचे पाइप, पाण्याच्या मोटरी, दुरुस्ती. २००० च्या दसऱ्याला वडिलांनी उघडलं, पुढे केडगावला शाखा झाली. एकूण चौदा माणसं. वीस वर्षांच्या रेघेत पाच जण येतात, आणि गोडाऊन सांभाळणारे अण्णा २०१९ मध्ये वारलेत. बोलणारा आहे मुलगा, वय पस्तिशीचं. मोकळ्या जागी तुम्ही पूर्ण नावं घाला.

"नमस्कार. व्यासपीठावरील सर्व मान्यवरांची नावं आत्ताच आदरानं घेतली गेली आहेत, त्या सर्वांना माझा नमस्कार. आमचे शेतकरी ग्राहक, व्यापारी मित्र, आणि आमच्या दुकानातली सगळी माणसं व त्यांच्या घरची मंडळी, आपण आलात, मनापासून स्वागत.

पुढं बोलण्याआधी मला सहा जणांना नमस्कार करायचाय. वीस वर्षं किंवा जास्त ज्यांनी इथे काम केलं, ते पाच जण. आणि त्याआधी दिवंगत ......, आपले अण्णा. एकोणीस वर्षं गोडाऊनची चावी त्यांच्याकडे होती. आज त्यांच्या घरचे इथे आहेत, त्यांना माझा नमस्कार.

श्री. ......, आपले आप्पा, २००० पासून. पहिल्या दिवसाची पहिली पावती त्यांनी फाडली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले आप्पा कॉम्प्युटर शिकले.

सौ. ......, आपल्या मावशी, २००२ पासून. आम्ही यायच्या आधी दुकान यांनी लख्ख केलेलं असतं.

ह.भ.प. ......, आपले मामा, २००३ पासून. शिरूर, न्हावरा, चौफुला, या रस्त्यानं पाइपाचा टेम्पो त्यांनी बावीस वर्षं नेला.

श्री. ......, आपले चाचा, २००४ पासून. उसाला पाणी चालू असताना मोटर जळाली की शेतकरी दुकानाचं नाव विचारत नाही, चाचा आहेत का विचारतो.

श्री. ......, आपले भाऊ, २००५ पासून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केडगावची शाखा त्यांनी एकट्यानं चालवली.

आप्पा, मावशी, मामा, चाचा, भाऊ, हे दुकान तुम्ही पाच जणांनी रोज उघडलंत. तुम्हाला माझा नमस्कार."

मोजून बघा, हे दोनशेच्या आसपास शब्द होतात. टाळ्यांसकट दोन-सव्वादोन मिनिटं.

यात काय केलंय ते पाहा. प्रत्येकाला पूर्ण नाव, हाकेचं नाव, वर्ष आणि एकच काम. कुणालाही "मोलाचं योगदान", "अथक परिश्रम" दिलेलं नाही, कारण ते शब्द पाचही जणांना सारखेच लागले असते. चाचांचं वाक्य चाचांनाच लागतं, मावशींना लागत नाही. तुमचं वाक्य बरोबर जमलंय की नाही, हे असंच ओळखा : नाव झाकून वाक्य दुकानातल्या कुणालाही वाचून दाखवा. कोणाबद्दल आहे हे त्यानं लगेच ओळखलं तर वाक्य ठेवा, नाही तर बदला.

शेवटच्या वाक्यात मुलगा थेट त्यांच्याकडे वळतो. तोवर तो त्यांच्याबद्दल सभेला सांगत होता, आता त्यांच्याशी बोलतो. इथे कागद खाली ठेवायचा आणि त्यांच्याकडे बघायचं. वडील स्वतः बोलणार असतील तर मजकूर हाच चालेल, फक्त आप्पांच्या वाक्यात "आम्ही दोघांनी शटर वर केलं" असं काहीतरी त्यांचं स्वतःचं येईल. मुलगा आणि वडील दोघंही बोलणार असतील, तर हा नमस्कार एकानंच करायचा. दोनदा केला की दुसऱ्यांदा तो उपचार होतो.

त्या वेळी ती माणसं कुठे असतील?

सगळं नीट लिहूनही एक गोष्ट हमखास फसते. नाव पुकारलं जातं आणि मामा पार्किंगमध्ये गाड्या लावत असतात, चाचा जनरेटरपाशी, मावशी पानाच्या ताटांजवळ. दुकानातलीच माणसं कार्यक्रमाला राबवायची ही आपली जुनी सवय. निदान त्या एका तासासाठी पार्किंग, पाणी आणि वाढपाची माणसं बाहेरून घ्या. ज्यांची नावं येणार आहेत त्यांना त्यांच्या घरच्यांसोबत पहिल्या दोन रांगांत बसवा. व्यासपीठावर बोलावणार असाल तर पायऱ्या किती आहेत ते बघा, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर चढउतार नको.

दोन दिवस आधी प्रत्येकाला त्याचं वाक्य एकट्यात वाचून दाखवा आणि विचारा, "असं बोललं तर चालेल ना?" नावाचा उच्चार, वर्ष, "सौ." की "श्रीमती", सगळ्याची तपासणी तिथेच होते. कधीकधी ते म्हणतात, "ते नको, त्यापेक्षा अमुक सांगा." त्यांनी सुचवलेलं बहुतेक वेळा आपण लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं, ते घ्या. आणि कुणी म्हणालं, "माझं नाव नको घेऊ," तर आग्रह करू नका. फक्त वर्ष आणि काम सांगा, नाव ठेवा बाजूला.

बक्षिसाची घोषणा या दोन मिनिटांत करू नका. पाकीट, शाल, घड्याळ, जे काही असेल ते सत्काराच्या वेळी. आकडा तर माईकवर कधीच नको. आणि जे अजून ठरलेलं नाही, त्याचा शब्द भरात देऊन टाकू नका. स्टेजवर दिलेला शब्द दुकानात कुणीच विसरत नाही.

तुमचा कार्यक्रम जवळ आला असेल तर आज एवढंच करा : एक कोरा कागद घ्या, सगळ्यांची रुजू झाल्याची वर्षं लिहा, आणि ज्याच्यापुढे वर्ष नक्की लिहिता येत नाही त्याच्यापासून सुरुवात करा.